पैसे निघाले, पण पोहोचले का?

बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला माझी चौतीस वर्षे गेली. ‘साहेब, पैसे अजून जमा झाले नाहीत’ हे वाक्य या काळात किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. निवृत्तीनंतर मात्र तेच वाक्य दुसऱ्या संस्थेला लिहून कळविण्याची वेळ माझ्यावर आली, आणि तक्रारीचे पत्र लिहिणे हे तक्रार ऐकण्याइतकेच शिकण्याचे काम आहे, हे वयाच्या पासष्टाव्या वर्षी उमगले. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची बचत आता मुदत ठेवींबरोबर म्युच्युअल फंडातही असते. त्यामुळे हा अनुभव तपशिलाने सांगणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. दाजींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया २२ ऑगस्ट २०२४ रोजी ठरली होती आणि रुग्णालयाने ३,६५,००० रुपयांचा अंदाज दिला होता. एवढी रक्कम आक्काच्या नावावर अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांच्या एका योजनेत होती. नेमका असाच प्रसंग आला तर हाताशी असावी, म्हणून मीच पूर्वी तिला ती योजना सुचविली होती. गुरुवार, ८ ऑगस्ट रोजी तिने फंडाच्या सेवा केंद्रात जाऊन तेवढ्या रकमेचा रिडेम्प्शनचा अर्ज दिला. ‘तीन दिवसांत पैसे खात्यात येतील,’ असे तेथील मुलीने सांगितले.

मंगळवारी, १३ तारखेला संध्याकाळी तिचा फोन आला. “अरे, गुरुवारी अर्ज दिला होता, आज मंगळवार. पैसे काही आले नाहीत. तूच सांगितलेला फंड ना हा?”

शेवटचे वाक्य मला लागले. त्याच रात्री मी तिच्या ईमेलवरून फंडाला एक खरमरीत पत्र पाठविले. त्यात सेबीच्या नियमांचा भंग, ज्येष्ठ नागरिकांची उपेक्षा, न्यायालयीन कारवाईचा इशारा असे सारे काही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींचे सभ्य उत्तर आले. आपल्या अर्जाची व्यवहार तारीख ९ ऑगस्ट आहे, रक्कम देण्याची मुदत १४ ऑगस्टपर्यंत आहे आणि ती अद्याप संपलेली नाही, असे त्यात म्हटले होते. त्यांचे म्हणणे अचूक होते. दिवस मोजण्यात मीच चुकलो होतो.

ही चूक सर्रास होते, म्हणून मुदत कशी मोजावी हे आधी पाहू. नियमानुसार रिडेम्प्शनच्या तारखेपासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत रक्कम गुंतवणूकदाराला पाठविणे फंडावर बंधनकारक आहे. पूर्वी ही मुदत दहा दिवसांची होती. सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये परिपत्रक काढून ती तीन दिवसांवर आणली आणि २०२३ च्या जानेवारीपासून ती अमलात आली. परंतु रिडेम्प्शनची तारीख म्हणजे आपण अर्ज दिला तीच तारीख असे नेहमी होत नाही. अशा योजनांत दुपारी तीन वाजेपर्यंत आलेल्या अर्जाला त्या दिवसाची एनएव्ही लागते. तीननंतर आलेला अर्ज पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा धरला जातो. आक्काच्या अर्जावरील शिक्का ८ ऑगस्टचाच होता, पण त्यावर छापलेली वेळ चार वाजून दहा मिनिटांची होती. म्हणून तिची रिडेम्प्शनची तारीख शुक्रवार, ९ ऑगस्ट झाली. त्यानंतर शनिवार-रविवार वगळून सोमवार १२, मंगळवार १३ आणि बुधवार १४ असे तीन दिवस मोजायचे. म्हणजे विलंब झालाच तर तो १५ तारखेपासून सुरू होणार होता.

याला काही अपवादही आहेत. ज्या योजनांची बहुतांश गुंतवणूक परदेशात असते, त्यांना पाच दिवसांची मुदत मिळते. रिडेम्प्शनच्या अर्जाबरोबरच बँक खाते बदलण्याचा अर्ज जोडला असेल किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठविता न आल्याने धनादेश काढावा लागत असेल, तर थोडे अधिक दिवस लागू शकतात. आपली योजना यांपैकी कशात बसते हे पाहिल्याशिवाय ‘मुदत संपली’ असे लिहू नये. तसे लिहिले की समोरच्याला मूळ प्रश्न बाजूला ठेवून आपली चूक दाखविण्याची सोय होते. माझ्या पहिल्या पत्राचे नेमके तेच झाले.

१४ तारीख उलटली. १५ ऑगस्टची सुट्टी गेली. १६ तारखेला संध्याकाळी आक्काने पासबुक भरून आणले, तरी रक्कम जमा नव्हती. आता मात्र विलंब खरा होता. मी पुन्हा लिहायला बसलो, पण या वेळी बँकेतल्या माणसासारखा विचार करून.

पैसे मिळाले नाहीत, हे आपल्या बाजूने एकच दुःख असते. संस्थेच्या बाजूने पाहिले तर पैसे अडकण्याच्या तीन निरनिराळ्या जागा असतात. पहिली जागा अर्जाची. सही जुळली नाही, केवायसी अपुरे निघाले किंवा फोलिओ क्रमांक चुकला, तर अर्जच नाकारला जातो आणि युनिट्स खात्यात तशीच राहतात. दुसरी जागा फंडाच्या पैसे पाठविण्याच्या यंत्रणेची. अर्ज मंजूर होतो, युनिट्स कमी होतात, पण पैसे बाहेर पडत नाहीत, किंवा बाहेर पडण्याच्या प्रयत्नात फंडाच्या बँकेकडूनच नाकारले जातात. तिसरी जागा आपल्या बँकेची. पैसे तेथपर्यंत पोहोचतात, पण नाव किंवा क्रमांक न जुळल्याने जमा होत नाहीत. अशी रक्कम बँकेला धरून ठेवता येत नाही. एनईएफटीने आलेली आणि जमा न होणारी रक्कम दोन तासांत परत पाठवावी लागते आणि आरटीजीएसच्या बाबतीतही परतीची मुदत तासांतच मोजली जाते.

पत्र लिहिण्यापूर्वी पैसे कोणत्या जागी अडकले, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. फंडाचे खाते-विवरण मागवावे. युनिट्स कमी झालेली नसतील तर अडचण पहिल्या जागी आहे. आक्काच्या विवरणात ९ ऑगस्टच्या एनएव्हीने युनिट्स वजा झालेली दिसत होती. म्हणजे अर्ज मंजूर होता आणि पैसे दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी होते. यांतली नेमकी जागा कोणती, हे एका क्रमांकावरून कळते. तो क्रमांक म्हणजे यूटीआर. बँकेबाहेर पडणाऱ्या प्रत्येक एनईएफटी आणि आरटीजीएस व्यवहाराला तो मिळतो, आणि तो हाती आला की कोणतीही शाखा पैशांचा माग काढू शकते.

म्हणून दुसऱ्या पत्रात विशेषणे गाळली आणि ज्यांचे उत्तर फक्त तारखेने किंवा क्रमांकानेच देता येईल असे प्रश्न विचारले. पत्र इंग्रजीत गेले. त्याचा मराठी आशय असा :

“विषय : रिडेम्प्शनची रक्कम मुदतीत जमा न झाल्याबाबत. फोलिओ क्रमांक अमुक.

महोदय, वरील फोलिओतून ३,६५,००० रुपयांच्या रिडेम्प्शनचा माझा अर्ज आपल्या सांगली येथील केंद्रात ८ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी ४.१० वाजता स्वीकारण्यात आला. आपल्या विवरणानुसार व्यवहाराची तारीख ९ ऑगस्ट आहे. कामकाजाच्या तीन दिवसांची मुदत १४ ऑगस्ट रोजी संपली. १६ ऑगस्ट रोजी सायंकाळपर्यंत माझ्या खात्यात रक्कम जमा झालेली नाही. पासबुकाच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

कृपया पुढील माहिती कळवावी. १) रक्कम कोणत्या तारखेस व कोणत्या पद्धतीने पाठविली? २) त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक काय? ३) ती कोणत्या बँकेच्या, कोणत्या आयएफएससीच्या खात्यावर पाठविली? खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक कळविले तरी चालतील. ४) रक्कम पाठविली नसल्यास त्याचे कारण काय आणि ती कोणत्या तारखेस पाठविली जाईल?

विलंबाच्या काळासाठी देय असलेले वार्षिक १५ टक्के दराचे व्याज मूळ रकमेसोबत जमा करावे, ही विनंती.”

पत्र एवढेच होते. रुग्णालय, शस्त्रक्रिया, वय यांचा त्यात उल्लेख नव्हता. आक्काला ते फार कोरडे वाटले. “निदान ऑपरेशनचं तरी लिहायचं होतंस,” ती म्हणाली. मी तिला सांगितले, की आपली निकड वाचून एखाद्याचे मन द्रवेलही, पण तो आपले पत्र ‘लवकर पाहा’ असा शेरा मारून पुढच्या टेबलावर ठेवेल. प्रश्न क्रमांक दोनचे उत्तर मात्र कोणाला तरी शोधूनच काढावे लागेल.

२० तारखेला उत्तर आले. ‘आपली रक्कम १३ ऑगस्ट रोजी अदा करण्यात आली आहे. कृपया आपल्या बँकेकडे चौकशी करावी.’ सोबत सात अंकी संदर्भ क्रमांक होता. आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन बँकेत गेली. तेथील अधिकाऱ्याने संगणकात पाहून, या नावाने अशी कोणतीही रक्कम आलेली नाही आणि परतही गेलेली नाही, असे सांगितले. आक्का गोंधळली. फंड म्हणतो दिले, बँक म्हणते आले नाही. मग खोटे कोण बोलते?

खोटे कोणीच बोलत नव्हते. तो क्रमांक मला फोनवर वाचून दाखविताच उलगडा झाला. आरटीजीएसचा यूटीआर बावीस अक्षरांचा असतो, एनईएफटीचा सामान्यतः सोळा. सात आकड्यांचा यूटीआर नसतो. हा फंडाच्या स्वतःच्या नोंदीतला क्रमांक होता. त्यांच्या संगणकाने देयक तयार केले, त्याला क्रमांक दिला आणि त्या टेबलापुरते काम ‘पूर्ण’ झाले. पुढे ते देयक त्यांच्या बँकेतून खरोखर बाहेर पडले की नाही, हे उत्तर लिहिणाऱ्याने पाहिलेच नव्हते. ‘अदा केले’ या शब्दांचा अर्थ त्यांच्या दृष्टीने ‘पाठवायला दिले’ एवढाच होता. अशा उत्तरावर आपण ‘पैसे मिळाले नाहीत’ असे पुन्हा लिहिले, तर ‘बँकेकडे चौकशी करा’ हेच उत्तर पुन्हा येते आणि आठवडा निघून जातो.

इकडे २१ तारीख उजाडली होती आणि रुग्णालयात त्या दिवशी अनामत भरायची होती. मी पुण्याहून पैसे पाठवितो म्हणालो, तर आक्का म्हणाली, “नको, सोय झालीय.” कशी झाली ते तिने सांगितले नाही. दाजींची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी पार पडली.

तिसरे पत्र मी २१ तारखेलाच पाठविले, पण या वेळी ग्राहकसेवेच्या ईमेलवर नव्हे. प्रत्येक फंडाला गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमावा लागतो. त्याला ‘इन्व्हेस्टर रिलेशन्स ऑफिसर’ म्हणतात आणि त्याचे नाव व पत्ता फंडाच्या संकेतस्थळावर तसेच योजनेच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तो तेथूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘हेल्पलाइन’च्या क्रमांकांवर विसंबू नये, कारण फसवणूक करणारे अशाच अडलेल्या माणसांची वाट पाहत असतात. कोणताही खरा अधिकारी रक्कम जमा करण्यासाठी आपला ओटीपी मागत नाही.

या पत्रात एवढेच लिहिले, की आपल्या २० तारखेच्या उत्तरातील सात अंकी क्रमांक हा यूटीआर नाही. या रकमेची जमा अथवा परतीची कोणतीही नोंद आपल्याकडे नसल्याचे माझ्या शाखेने लेखी कळविले आहे आणि त्याची प्रत सोबत आहे. तरी यूटीआर कळवावा. तो अस्तित्वात नसल्यास, रक्कम पाठविलीच गेलेली नाही, हे लेखी मान्य करावे.

दोन दिवसांत कारण बाहेर आले. ‘आयएफएससी अवैध असल्याने देयक नाकारले गेले. कृपया नवीन बँक तपशिलाचा अर्ज व कॅन्सल केलेला चेक सादर करावा.’

आक्काचे खाते ज्या बँकेत होते, ती १ एप्रिल २०२० रोजी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. त्या सुमारास अनेक सरकारी बँकांचे असे विलीनीकरण झाले. देना आणि विजया या बँका २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, तर सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली. शाखा तीच, कर्मचारी तेच, अनेक ठिकाणी खाते क्रमांकही तोच राहिला, पण जुने आयएफएससी २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाले. पासबुक बदलून मिळाले की आपले काम झाले असे लोकांना वाटते. म्युच्युअल फंडाच्या दप्तरातला जुना कोड मात्र आपोआप बदलत नाही. जोवर पैसे खात्यातून फंडाकडे जात असतात, तोवर ही चूक लक्षात येत नाही. पैसे उलट दिशेने येण्याची पहिली वेळ आली की ती उघडी पडते, आणि ती वेळ बहुधा गरजेचीच असते.

म्हणजे चूक आक्काची ठरत होती. तसे असते तर व्याजाचा हक्क सांगणे कठीण होते, कारण बँकेचा तपशील अद्ययावत ठेवणे ही गुंतवणूकदाराची जबाबदारी मानली जाते. मी तिला तसे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “पण मी दिला होता रे तो फॉर्म. रिक्षा करून गेले होते. मास्क लावून रांगेत उभी राहिले होते.”

रविवारी, २५ तारखेला दाजींना भेटायला मी सांगलीला गेलो. दुपारी आम्ही दोघे भावंडे तिच्या कपाटातल्या जुन्या फायली घेऊन बसलो. विजेची बिले, नातवंडांचे निकाल, एलआयसीच्या पावत्या यांच्या मध्ये तो अर्ध्या पानाचा कागद सापडला. २०२१ च्या फेब्रुवारीतली, बँक तपशील बदलण्याच्या अर्जाची शिक्का मारलेली ती पोच होती. तिच्यावर आक्काच्या हस्ताक्षरात दोन फोलिओ क्रमांक होते. सगळा घोळ तेथे कळला. त्या फंडात तिचे दोन फोलिओ होते आणि बँकेचा तपशील प्रत्येक फोलिओसाठी स्वतंत्र नोंदविलेला असतो. अर्जात तिने दोन्ही क्रमांक लिहिले होते. तेथे एकाच फोलिओत बदल झाला आणि दुसरा तसाच राहिला. आता पैसे काढले होते ते नेमके दुसऱ्यातून.

फायलीच्या तळाशी आणखी एक पावती होती. ती २१ ऑगस्टची, सोनेतारण कर्जाची होती. दाजींच्या अनामतीसाठी तिने हातातल्या पाटल्या बँकेत ठेवल्या होत्या. पावती माझ्या हातात पाहून तिने ती काढून घेतली आणि म्हणाली, “त्यांना सांगू नकोस. आधीच पाय दुखतात.”

चौथे पत्र त्या रात्री लिहिले. त्यातही पाटल्यांचा उल्लेख नव्हता. पोचेची प्रत जोडली आणि दोन मुद्दे मांडले. दोन्ही फोलिओंचा बँक तपशील बदलण्याचा अर्ज आपण फेब्रुवारी २०२१ मध्ये स्वीकारला आहे. त्यामुळे देयक नाकारले जाण्याचे कारण माझ्याकडील नसून आपल्या नोंदीतील आहे. तसेच देयक नाकारले गेल्याचे आपल्याला समजल्यावर ते मला कळविण्यात आले नाही. मी यूटीआर विचारल्यानंतरच ते उघड झाले. तरी त्याच अर्जाच्या आधारे रक्कम तातडीने पाठवावी.

बुधवार, २८ ऑगस्ट रोजी ३,६५,००० रुपये खात्यात जमा झाले. सोबत खरा, बावीस अक्षरांचा यूटीआरही आला. व्याज मात्र आले नाही.

बहुतेक लोक येथे थांबतात. पैसे आले, सुटलो, अशी आपली वृत्ती असते. परंतु मुदतीनंतर दिलेल्या रकमेवर वार्षिक १५ टक्के दराने व्याज देणे हा फंडाने दाखविलेला मनाचा मोठेपणा नसतो. सेबीचा तो नियम आहे. हे व्याज योजनेच्या, म्हणजे इतर गुंतवणूकदारांच्या पैशांतून देता येत नाही. ते व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचे असते आणि असे व्याज दिल्याचा तपशील सेबीलाही कळवायचा असतो. म्हणूनच ते न मागता सहसा येत नाही, आणि मागितले तर आकडा मांडून मागावे. मोघम ‘नुकसानभरपाई द्या’ असे लिहिले, तर तिचा हिशेब कोणी करीत नाही.

हिशेब सोपा होता. ३,६५,००० रुपयांवर १५ टक्के दराने वर्षाचे ५४,७५० रुपये होतात. त्याला ३६५ ने भागले की दिवसाचे १५० रुपये. मुदत १४ तारखेला संपली आणि रक्कम २८ तारखेला आली, म्हणजे १४ दिवसांचा विलंब. येथे सुट्ट्या वगळायच्या नाहीत. मुदत कामकाजाच्या दिवसांत मोजतात, पण व्याज दिनदर्शिकेच्या दिवसांत. एकूण २,१०० रुपये झाले. २९ ऑगस्टच्या पाचव्या पत्रात ही आकडेमोड तशीच उतरवून दिली आणि शेवटी लिहिले, की सात दिवसांत उत्तर न मिळाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार प्रणालीत नोंद करावी लागेल.

ही प्रणाली काय आहे, हे थोडक्यात सांगतो, कारण तिचे नाव पत्रात घालताना आपल्यालाही ती ठाऊक असावी. scores.sebi.gov.in या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून तक्रार विनामूल्य दाखल करता येते. आधी फंडाला लिहिलेले असावे आणि कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी. एप्रिल २०२४ पासूनच्या पद्धतीनुसार फंडाने एकवीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्याने समाधान झाले नाही तर पंधरा दिवसांत फेरविचार मागता येतो. पहिला फेरविचार म्युच्युअल फंडांची संघटना ‘अॅम्फी’ करते आणि दुसरा सेबी. तेथे आपली पाचही पत्रे आणि त्यांची उत्तरे तारखेनुसार जोडता येतात. म्हणून सुरुवातीपासून सारे लेखी असावे. फोनवरचे संभाषण कितीही समाधानकारक झाले, तरी त्याची प्रत जोडता येत नाही.

आम्हाला तेथवर जावे लागले नाही. ११ सप्टेंबरला २,१०० रुपये जमा झाले आणि व्याजाचा दर व दिवस नमूद केलेला ईमेल आला. दिलगिरीचे एक वाक्यही त्यात होते.

आक्काला फोन केला, तर ती हसली. “एवढ्या दोन हजारांसाठी पाच पत्रं लिहिलीस?” मी म्हणालो, पाच नव्हे, चार. पहिले पत्र माझ्या रागाचे होते, ते धरू नकोस. पाटल्या तिने मूळ रक्कम आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडवून आणल्या होत्या. सोनेतारणाचे व्याज भरूनही त्या दोन हजारांतले काही उरले, तेही तिने मला हिशेबासह सांगितले.

एक काम मात्र या प्रकरणानंतर मी माझ्या स्वतःच्या गुंतवणुकीबाबत केले, आणि तेच आपणही करावे असे सुचवितो. फंडाचे खाते-विवरण काढावे आणि प्रत्येक फोलिओखाली छापलेले बँकेचे नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे अंक आणि आयएफएससी चालू चेकबुकाशी ताडून पाहावेत. एकाच फंडात दोन फोलिओ असतील तर दोन्ही पाहावेत. बदल करायचा असेल तर अर्ज द्यावा, शिक्क्यावर तारखेबरोबर वेळही नीट उमटली आहे का ते पाहावे, आणि महिन्याभराने पुन्हा विवरण काढून बदल खरोखर झाला का याची खात्री करावी. मी हे केले तेव्हा माझ्या चार फोलिओंपैकी एकात मी ज्या शाखेतून निवृत्त झालो, तिचा जुना आयएफएससी सापडला. चौतीस वर्षे लोकांच्या नोंदी तपासणाऱ्याने स्वतःची तेवढी नोंद तपासलेली नव्हती. तो अर्ज मी त्याच आठवड्यात दिला, आणि त्याची पोच आता आक्काच्या पोचेशेजारी एकाच फायलीत ठेवली आहे.